रक्त येणाऱ्या टाचेच्या भेगा

टाचेची कड जाड, पिवळट आणि कडक झाली की चालताना ती ताणली जात नाही, चिरते. भेग खोल गेली की रक्त येतं. म्हणून नुसती भेग भरून भागत नाही, कड मऊ करावी लागते.

रक्त येत असेल तर आधी साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने टाच धुवा. टिपून कोरडी करा, भेगेत पेट्रोलियम जेली भरा आणि वर स्वच्छ पट्टी लावा. जाड कड मऊ करणारं युरिया असलेलं क्रीम उघड्या भेगेत झोंबतं, तेव्हा ते सध्या आजूबाजूच्या जाड कडेलाच लावा. भेग मिटली की सगळ्या टाचेला चालेल. रोजच्यासाठी १० टक्के युरिया पुरतो, फार जाड कडेला २० ते २५ टक्के. आंघोळीनंतर कातडी किंचित ओलसर असतानाच लावा, रात्री पुन्हा लावून सुती मोजे घाला. ब्लेडने कड कापू नका, हे मी कळकळीने सांगते.

मधुमेह असेल तर पाय भिजत ठेवू नका आणि गरम पाणी तर नकोच, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावू नका, तिथे ओल राहून बुरशी धरते. तळवे रोज आरशात पाहा. मधुमेहात रक्त येणारी भेग दुखत नसली तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. मधुमेह नसला तरी भोवती लाली, ऊब, सूज, पू किंवा वास जाणवला तर घरी थांबू नका.