ब्लोअर थरथरत होता, पण दोष पंख्याचा नव्हता

वडोदऱ्याला मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये कपलिंगने जोडलेला छोटा ब्लोअर आहे. वेग १४४० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. तो थरथरायला लागला तेव्हा फिटर काका म्हणाले, "पंखा बॅलन्सिंगला पाठवू या."

मी आधी स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती थरथर आहे याचा आलेख. नुसता अनबॅलन्स, म्हणजे पंख्याचं वजन एका बाजूला जास्त, असता तर आडव्या-उभ्या दिशेत २४ हर्ट्झचा एकच उंच सुळका दिसला असता. इथे ४८ हर्ट्झचा त्याहून उंच होता, आणि शाफ्टच्या दिशेने मापलं तरी तो तितकाच ठळक. हे मिसअलाइनमेंटचं, म्हणजे मोटर आणि ब्लोअरचे शाफ्ट एका रेषेत नसल्याचं लक्षण. (शाफ्टच्या दिशेची थरथर हा एकटा पुरावा मात्र धरू नये, पंखा बेअरिंगच्या बाहेर लटकता असेल तर अनबॅलन्सनेही ती वाढते.)

मोटरच्या पायाचा एकेक बोल्ट सैल करून पाय किती हलतो ते मोजायला डायल लावला. एक पाय ०.१५ मिमी उचलला गेला, म्हणजे तो नीट टेकत नव्हता. तिथे शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घातली, मग कपलिंग जुळवलं. ४८चा सुळका बसला.

उरले ८६ आणि त्याच्या दुप्पट १७२ हर्ट्झचे दोन बारीक सुळके. ८६ भागिले २४ म्हणजे सुमारे ३.५८. अनबॅलन्स किंवा मिसअलाइनमेंट असा अपूर्णांक देत नाही. मोटरमध्ये ६२०५ बेअरिंग होतं, आणि त्याच्या बाहेरच्या रिंगवरच्या दोषाचा गुणक, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यामागे त्या दोषावर बसणारे ठोके, ३.५८५ आहे. बेअरिंग काढून कापलं, तर त्याच रिंगच्या धावेवर नखाला लागेल असा खड्डा.

पंखा जागचा हलवावाच लागला नाही.