पाहुण्यांच्या नाराज रिव्ह्यूला उत्तर कसं लिहावं

कोकणात घर भाड्याने देणाऱ्याला पहिला तीन स्टारचा रिव्ह्यू आला की ओळखीतले लोक दोन सल्ले देतात. एक, लगेच उत्तर दे, नाहीतर लोकांना ते खरं वाटेल. दोन, रिपोर्ट करून काढून टाक. दोन्ही ऐकू नका. एअरबीएनबी असो की गूगल, ‘हे खोटं आहे’ एवढ्यावर कुणी रिव्ह्यू काढत नाही. शिवीगाळ, धमकी, घराशी संबंध नसलेला मजकूर असा काही नियमभंग असेल तरच रिपोर्टचा उपयोग. आणि घाई कसली? एअरबीएनबीवर उत्तराला तीस दिवस मिळतात.

समजा, गुहागरकडच्या एका दोन बेडरूमच्या घराला मे महिन्यात असा रिव्ह्यू आलाय: ‘घर छान. पण रात्रभर लाइट नव्हती, इन्व्हर्टरवर फक्त हॉलचा पंखा, बाळ झोपलंच नाही. बाथरूमला वास. समुद्र पाच मिनिटांवर लिहिलंय, आईला घेऊन पंधरा लागली. वर जास्तीच्या चहाचेही पैसे घेतले.’

आधी घर सांभाळणाऱ्या मावशींना फोन करा आणि त्या दिवशी काय झालं ते विचारा. रागवायला नव्हे, माहितीसाठी.

मग तक्रारी वेगळ्या करा. वास खरा होता का, इन्व्हर्टरला काय जोडलंय, समुद्र किती लांब, हे एकेक तपासा. उन्हाळ्यात घर बरेच दिवस बंद राहिलं की बाथरूमच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि पाइपातला वास वर येतो. फिनेल ओतून तो जात नाही, बादलीभर पाणी सोडलं की जातो. अंतर मोजायला मॅप उघडू नका. घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाबरोबर सुरुबनातून समुद्रापर्यंत चाला, मग पाहुण्याची पंधरा मिनिटं कुठून आली ते कळेल.

उत्तराआधी दुरुस्ती. हा क्रम उलटा करू नका. ‘लवकरच सुधारणा करू’ हे वाक्य पुढचा पाहुणा ‘अजून काही केलेलं नाही’ असंच वाचतो. बेडरूमचे पंखे इन्व्हर्टरवर घ्या, बॅटरी म्हातारी झाली असेल तर बदला आणि एका संध्याकाळी मेन स्विच बंद करून पंखे खरोखर किती तास चालतात ते पाहा. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीवर दुकानदार सांगेल तेवढे तास मिळतीलच असं नाही. साधा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. घरात स्वतः मोजलेला आकडाच उत्तरात लिहायचा. घराच्या माहितीतलं ‘पाच मिनिटं’ही त्याच दिवशी बदला.

आता लिहिणं. इथे माझे हात सर्वांत जास्त काळ अडखळत होते, त्यामुळे इथे थोडं थांबू.

सगळ्यात अवघड तक्रार निव्वळ खरी किंवा निव्वळ खोटी नसते, अर्धी खरी असते. इथे ती लाइटची आहे. लाइट आपण घालवली नाही, वादळी पावसात फांदी तारेवर पडली असेल. गेली तीही रात्रभर नव्हे, मावशींच्या म्हणण्यानुसार नऊ ते एक. बोटं शिवशिवतात ती हे सांगायला. सांगू नका. चार तास की रात्रभर, हा हिशोब बाळ कडेवर घेऊन बसलेल्या आईबरोबर घालायचा नसतो. पुढचा पाहुणाही लाइट कोणी घालवली हे विचारत नाही, ‘मी गेलो आणि लाइट गेली तर माझं काय होईल’ एवढंच त्याला हवं असतं. म्हणून त्या प्रसंगातला आपला वाटा शोधा: लाइट जाणं आपल्या हातात नव्हतं, बेडरूमचे पंखे इन्व्हर्टरवर नसणं आपल्या हातात होतं. तेवढंच लिहा, पूर्ण लिहा आणि त्याच्या मागे सबब लावू नका. माफीनंतर आलेलं कारण कितीही खरं असलं तरी माफी खाऊन टाकतं.

काही वाक्यं मी बघताक्षणी खोडते. ‘तुम्हाला त्रास झाला असं वाटत असेल तर क्षमस्व’: वाटत नाही, झालाय. ‘याआधीचे सगळे पाहुणे खूश होते’: म्हणजे हाच पाहुणा खोटारडा. ‘केअरटेकरला समज दिली आहे’: हे तर फारच वाईट. इन्व्हर्टरचं वायरिंग मावशींनी केलं नव्हतं आणि गावात त्यांचं नाव आहे. पाहुण्याने स्वतः न लिहिलेली गोष्टही उघड करू नका. किती जण आले, रात्री काय प्यायले, भाड्यात किती घासाघीस केली, यातलं काहीही नाही. बाळाचा उल्लेख चालेल, कारण तो त्यांनीच केलाय.

आणि चहा? नाश्त्याबरोबरचा चहा भाड्यात धरलाय, पुढचा पैसे देऊन, हे घराच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून उत्तरात त्याबद्दल एक शब्दही नको. प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलंच पाहिजे असा नियम नाही. वीस रुपयांच्या चहावर तुम्ही भांडताना दिसलात की वरची सगळी माफी पाण्यात जाते. वाचणाऱ्याला तो मुद्दा किती मोठा आहे ते आपोआप कळतं. खोटी तक्रार उचलायची ती एकाच वेळी, जेव्हा पुढच्या पाहुण्याची त्यामुळे फसगत होईल. ‘गाडी लावायला जागा नाही’ असं कुणी लिहिलं आणि जागा असेल, तर ‘आवारात दोन गाड्या राहतात, फाटक डाव्या बाजूला आहे’ इतकंच. तुम्ही चुकलात, हे म्हणायची गरज नाही.

तर उत्तर असं होतं:

‘नमस्कार. लाइट गेल्यावर बेडरूमचे पंखे बंद राहिले आणि बाळाला घेऊन तुम्हाला उकाड्यात जागावं लागलं, त्याबद्दल माफ करा. इन्व्हर्टरवर आम्ही फक्त हॉल जोडला होता. आता दोन्ही बेडरूमचे पंखे त्यावर आहेत आणि बॅटरी नवी आहे. मेन बंद करून पाहिलं तेव्हा पंखे पाच तास चालले. बाथरूमचा वास नहाणी ट्रॅप कोरडा पडल्याने होता, आता पाहुणे यायच्या आधी पाणी सोडून तपासतो. समुद्राचं अंतर तुमचं बरोबर आहे. माहितीत आता “सुरुबनातून दहा ते पंधरा मिनिटं, शेवटचा भाग वाळूचा” असं लिहिलं आहे.’

याहून मोठं नको. शेवटी ‘पुन्हा अवश्य या’ही नको, रात्रभर जागलेल्या माणसाला ते टोचतं. रिव्ह्यू ज्या भाषेत असेल त्याच भाषेत उत्तर द्या. पैसे परत करायचे असतील तर ते खासगी मेसेजमध्ये बोला, आणि रिव्ह्यू बदलण्याची अट घालू नका.

टाकण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, शक्यतो तुमच्याइतकं न चिडलेल्या माणसाला. गूगलवरचं उत्तर नंतर बदलता येतं. एअरबीएनबीवर एकदा गेलं की दुरुस्ती नाही, तेव्हा आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा आणि तिथून चिकटवा.