दोन माइक, दोन आवाज: मुलाखतीतला शिरकाव कुठे कापायचा

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, आठवणी ध्वनिमुद्रित करणारी मंडळी संपादनासाठी माझ्याकडे फाइल पाठवतात, तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: "दोघांना वेगळे माइक लावले होते, तरी मुलाखत घेणारी मुलगी डब्यात बोलल्यासारखी का वाटते?" या कामात नवे असाल तर आधी हे कोडं नीट समजून घ्या.

एक नेहमीची मांडणी घेऊ. पडवीत आजोबा आणि मुलाखत घेणारी मुलगी समोरासमोर बसली आहेत. दोघांच्या छातीवर कॉलर माइक, तोंडापासून 20 सेंटीमीटरवर. एकाच्या तोंडापासून दुसऱ्याचा माइक साधारण 1 मीटरवर. अंतर पाचपट, म्हणून मुलीचा आवाज आजोबांच्या माइकवर तिच्या स्वतःच्या माइकपेक्षा 14 डेसिबलने कमी पोचतो. चिऱ्याच्या भिंती आणि फरशीवरून आवाज परततो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून थोडा कमीच पडतो, पण हिशेबाला 14 धरू.

आता आजोबा पंचाहत्तरीचे, मुलीपेक्षा 10 डेसिबल हळू बोलणारे. दोघांचे आवाज सारखे करायला तुम्ही त्यांचा ट्रॅक 10 डेसिबलने वर उचलता आणि त्यात शिरलेली मुलगीही तेवढीच वर येते. ती आता आजोबांच्या ट्रॅकवर तिच्या खऱ्या आवाजापेक्षा फक्त 4 डेसिबल खाली आहे. उलट दिशेला, तिच्या माइकवरचे आजोबा त्यांच्या उचललेल्या आवाजाच्या 24 डेसिबल खाली. म्हणजे दुखणं जवळजवळ एकाच बाजूचं आहे: हळू बोलणाऱ्याचा ट्रॅक आणि त्यावर मोठ्याने बोलणारा. रेकॉर्डरवर गेन वाढवून हे सुटत नाही, कारण गेन दोघांना सारखाच वाढवतो. सुटतं ते आजोबांचा माइक तोंडाजवळ सरकवून.

डब्यासारखा आवाज का येतो? मुलीचा आवाज आजोबांच्या माइकवर सुमारे अडीच मिलिसेकंद उशिरा पोचतो. मूळ आणि उशिरा आलेली नक्कल एकत्र वाजली की काही कंपनं एकमेकांना खातात, काही फुगतात. पहिला खड्डा पडतो 200 हर्ट्झच्या आसपास, पुढे ठरावीक अंतराने आणखी. बरेच जण इथे एका ट्रॅकची लहर वर-खाली उलटी करून तो दुसऱ्यात मिसळतात, म्हणजे शिरलेला आवाज वजा होईल अशी आशा. तो वजा होत नाही. उशीर आहे, भिंतींचे पडसाद आहेत आणि मुलगी बोलताना मान हलवते, त्यामुळे उशीरही बदलत राहतो.

त्याऐवजी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी असं करतो. आजोबांचा ट्रॅक वर, मुलीचा त्याच्या लगेच खाली. वरचा निवडून ऑटो डक लावायचं: खालच्या ट्रॅकवर आवाज आला की वरचा आपोआप दबतो. मुलीची सरासरी पातळी उणे 18 डेसिबल ठेवली, तर आजोबा त्याच ट्रॅकवर उणे 42 च्या आसपास असतात. उंबरठा उणे 30 ठेवला की मुलगी तो ओलांडते, आजोबा ओलांडत नाहीत. दाब 12 डेसिबलचा पुरतो, उणे 4 चं उणे 16 होतं. ट्रॅक पूर्ण गप्प करू नका. पडवीत मागे समुद्राची गाज असते, ती प्रत्येक प्रश्नाला तुटली तर कान लगेच पकडतो. दाब सुटतानाचा उतार अर्ध्या सेकंदाजवळ ठेवा. फार लांबवलात तर उत्तराचा पहिला शब्द, बहुधा "नाय गो"मधला "नाय", गिळला जातो.

तपासायला आजोबांचा ट्रॅक ऐकतानाच म्यूट करून पुन्हा चालू करा. प्रश्न चालू असताना मुलीच्या आवाजाचा रंग बदलला नाही, तर काम झालं.

उरतात ती दोघं एकदम बोलतात ती वाक्यं. रापण ओढण्याच्या आठवणी रंगात आल्या की ती बरीच असतात, आणि ऑटो डक तिथे आजोबांनाच दाबतो. अशा जागा हाताने शोधाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. तिथला दाब, ट्रॅकचा आवाज जागोजागी कमीजास्त करणाऱ्या एन्व्हलप टूलने परत उचला आणि उलट मुलीचा ट्रॅक पूर्ण खाली न्या. आजोबांच्या माइकवर ते स्वतः आहेत आणि 4 डेसिबल खाली मुलगीही आहे. एकाच माइकवरून दोघं ऐकू येतात, म्हणून खड्डे पडत नाहीत. मुलगी जरा लांबून बोलल्यासारखी वाटते, पण शब्द कळतात. दोन्ही टोकांना 50 मिलिसेकंदांचा उतार दिला की जोड ऐकू येत नाही.