दोन फंड, तीन मापे: जोखीम धरून फंडाची कामगिरी कशी मोजावी

फंडाचा नुसता परतावा पाहून त्याची कामगिरी ठरवता येत नाही, कारण तो परतावा किती जोखीम पत्करून मिळवला हे त्यात दिसत नाही. ही उणीव भरून काढणारी तीन मापे प्रचलित आहेत. जॅक ट्रेनर यांचे गुणोत्तर १९६५ चे, विल्यम शार्प यांचे १९६६ चे आणि मायकेल जेन्सन यांचा अल्फा १९६८ चा. अडचण अशी, की ही मापे त्याच दोन फंडांना वेगवेगळा क्रम देऊ शकतात. असे झाले की पुष्कळ जण आपल्या आवडीचा क्रम उचलतात. खरे तर हा मतभेद कुठून आला हे शोधले, तर फंडाबद्दल सर्वांत उपयोगी माहिती तिथेच सापडते.

सुरुवात आकडे जमवण्यापासून करावी. फंडाचे आणि योग्य निर्देशांकाचे मासिक परतावे घ्यावेत. शक्य तर साठ महिन्यांचे, छत्तीसपेक्षा कमी तर नकोतच. प्रत्येक महिन्याच्या परताव्यातून त्या महिन्याचा जोखीममुक्त दर वजा करावा. उरतो तो अतिरिक्त परतावा. तक्त्याच्या B स्तंभात फंडाचा आणि C स्तंभात निर्देशांकाचा अतिरिक्त परतावा असेल, तर तिन्ही मापे अनुक्रमे शार्प, ट्रेनर आणि अल्फा अशी निघतात:

```
=AVERAGE(B2:B61)*12/(STDEV.S(B2:B61)*SQRT(12))
=AVERAGE(B2:B61)*12/SLOPE(B2:B61,C2:C61)
=INTERCEPT(B2:B61,C2:C61)*12
```

पुढे जाण्याआधी एक पडताळणी करावी. B स्तंभात फंडाऐवजी निर्देशांकाचेच आकडे टाकून पाहावेत. तिसऱ्या सूत्राचे उत्तर शून्य यायला हवे आणि दुसऱ्याचे उत्तर निर्देशांकाच्या वार्षिक अतिरिक्त परताव्याइतके. तसे आले नाही, तर सूत्रातील ओळी चुकल्या आहेत. मात्र एक चूक या पडताळणीत सापडत नाही, ती म्हणजे लाभांश न धरलेला निर्देशांक घेणे. निर्देशांकातून वर्षाला १.५ टक्के लाभांश गळला, तर १.१ बीटा असलेल्या, म्हणजे बाजार एक टक्का हलला की सरासरी १.१ टक्के हलणाऱ्या, फंडाच्या अल्फात १.६५ टक्क्यांची फुकटची भर पडते. म्हणून लाभांशासह एकूण परताव्याचाच निर्देशांक घ्यावा.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. जोखीममुक्त दर ६ टक्के, निर्देशांकाचा परतावा १२ टक्के आणि त्याचे प्रमाण विचलन १५ टक्के धरू. अ फंडाचा परतावा १५ टक्के, प्रमाण विचलन २५ टक्के आणि बीटा ०.९ आहे. ब फंडाचा परतावा १४ टक्के, प्रमाण विचलन १८ टक्के आणि बीटा १.१ आहे.

शार्प गुणोत्तर अतिरिक्त परताव्याला एकूण जोखमीने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागते. अ चे उत्तर ९ भागिले २५, म्हणजे ०.३६, ब चे ८ भागिले १८, म्हणजे ०.४४; आणि निर्देशांकाचे ६ भागिले १५, म्हणजे ०.४०. या मापाने अ फंड निर्देशांकाच्याही मागे पडतो. ट्रेनर गुणोत्तर बीटाने भागते, आणि तिथे अ चे उत्तर १०, ब चे ७.२७ आणि निर्देशांकाचे ६ येते. शेवटी जेन्सनचा अल्फा. बीटाइतकी बाजार जोखीम घेतल्याबद्दल अ ला ६ अधिक ०.९ गुणिले ६, म्हणजे ११.४ टक्के मिळायला हवे होते. मिळाले १५, म्हणून अल्फा ३.६ टक्के. ब चा अल्फा याच रीतीने १.४ टक्के येतो. एका मापात शेवटचा असलेला फंड उरलेल्या दोन मापांत पहिला आला.

याचे कारण अ च्या जोखमीच्या घडणीत आहे. ०.९ ला १५ ने गुणले की १३.५ टक्के ही त्याची बाजारातून आलेली जोखीम मिळते. २५ च्या वर्गातून १३.५ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढले की सुमारे २१ टक्के उरतात. ही त्याची विशिष्ट जोखीम, म्हणजे फंडाने निवडलेल्या मोजक्या समभागांतून आलेली. ब ची विशिष्ट जोखीम फक्त ७.२ टक्के आहे. शार्प ही जोखीम पूर्ण मोजतो. ट्रेनर आणि अल्फा तिच्याकडे पाहतच नाहीत.

त्यामुळे कोणते माप वापरायचे, हे तो फंड आपल्या एकूण गुंतवणुकीत कुठे बसणार आहे यावर ठरते. सगळे पैसे एकाच फंडात असतील, तर विशिष्ट जोखीम पूर्णपणे आपल्या अंगावर येते, आणि शार्पच खरे सांगतो. पण ९० टक्के पैसे निर्देशांकात आणि १० टक्के अ मध्ये ठेवले, तर एकत्रित परतावा १२.३ टक्के होतो आणि प्रमाण विचलन जवळपास १५ टक्क्यांवरच राहते, म्हणजे शार्प ०.४२ होतो. तेच १० टक्के ब मध्ये ठेवले तर ०.४१. एकटा असताना निर्देशांकाहून मागे पडलेला फंड लहान हिश्शात घेतल्यावर पुढे जातो, हे शार्प कधीच दाखवत नाही, कारण फंडाच्या शेजारी काय ठेवले आहे हे त्याला ठाऊक नसते. मात्र हिस्सा निम्म्यावर नेला की अ सोबतचा शार्प ०.४२ च राहतो आणि ब सोबतचा ०.४३ होतो. ट्रेनरचा १० हा आकडा हिस्सा वाढल्यावर अपुरा पडतो तो असा.

शार्पची आणखी एक मर्यादा म्हणजे तो वरची उसळी आणि खालची घसरण यांना एकाच तराजूत तोलतो. शिवाय अतिरिक्त परतावा उणे असताना तो उलटे बोलतो: दोन फंडांचा तोटा सारखाच असेल, तर ज्याचे विचलन मोठे त्याचे गुणोत्तर चांगले दिसते. अशा काळासाठी त्यावरून क्रम लावू नये. ट्रेनरची अशीच गत बीटा शून्याच्या जवळ आल्यावर होते.

अल्फाची उणीव निराळी आहे. ब फंडाने ६ टक्क्यांनी कर्ज काढून गुंतवणूक दुप्पट केली, तर परतावा २२ टक्के, प्रमाण विचलन ३६ टक्के आणि बीटा २.२ होतो. शार्प ०.४४ आणि ट्रेनर ७.२७ जिथल्या तिथे राहतात. अल्फा मात्र २.८ टक्के, म्हणजे दुप्पट होतो. व्यवस्थापकाचे कौशल्य तसूभरही वाढलेले नसते. म्हणून खूप वेगळा बीटा असलेल्या फंडांची तुलना अल्फाने करू नये. बीटा आणि अल्फा हे दोन्ही निवडलेल्या निर्देशांकावर अवलंबून असतात हेही विसरू नये. लहान कंपन्यांच्या फंडाला मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाशी ताडून पाहिले, तर लहान कंपन्यांच्या तेजीचे श्रेय अल्फाच्या नावावर जमा होते. खरा बाजार कोणत्याही निर्देशांकात पूर्ण मावत नाही, हा रिचर्ड रोल यांचा १९७७ चा आक्षेप याच मुळाशी जातो.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सर्वांत आवश्यक वाटते: अल्फाची प्रमाण त्रुटी काढणे. ती अंदाजे विशिष्ट जोखीम भागिले वर्षांच्या संख्येचे वर्गमूळ इतकी असते. पाच वर्षांच्या आकड्यांवर अ ची त्रुटी ९.४ टक्के येते, तर अल्फा ३.६ च आहे; ब ची त्रुटी ३.२ टक्के आणि अल्फा १.४. अल्फा निव्वळ योगायोग नाही असे म्हणण्यासाठी तो त्रुटीच्या दुपटीइतका तरी असावा लागतो. हाच अल्फा आणि हीच जोखीम कायम राहिली, तरी तिथे पोहोचायला ब ला सुमारे १०६ वर्षे आणि अ ला सुमारे १३७ वर्षे लागतील.