पुढच्या पिढीतली करडे किती वजनदार होतील? निवडीचा हिशेब कसा करावा

शेळीपालनात चांगल्या बोकडाला महत्त्व आहे हे सगळे मान्य करतात. पण 'चांगला' बोकड वापरल्याने करडांचे वजन नेमके किती वाढेल, हे आधी सांगता येते का? येते, आणि त्याला लागतात फक्त दोन आकडे. सूत्र असे:

```
R = h² × S
```

S म्हणजे निवड-फरक: आईबाप म्हणून निवडलेली जनावरे सगळ्या कळपाच्या सरासरीपेक्षा किती सरस आहेत. h² म्हणजे आनुवंशिकता: त्या सरसपणातला किती हिस्सा पिलांपर्यंत पोचतो. R म्हणजे पुढच्या पिढीच्या सरासरीत होणारी वाढ. अमेरिकेतल्या आयोवात जे. एल. लश यांनी १९३०च्या दशकात जनावरांच्या पैदाशीला हा हिशेबी पाया दिला. आपण तो उस्मानाबादी शेळ्यांच्या एका काल्पनिक कळपावर, सहा महिन्यांच्या वजनासाठी करून पाहू.

पहिले काम: प्रत्येक करडू तोलणे

सगळी करडे एकाच दिवशी सहा महिन्यांची होत नाहीत, म्हणून वजन वयाप्रमाणे सारखे करून घ्यावे. आजच्या वजनातून जन्माचे वजन वजा करा, उरलेल्याला वयाच्या दिवसांनी भागा, १८० ने गुणा आणि जन्माचे वजन परत मिळवा.

उस्मानाबादीत जुळी करडे नेहमीची. दोघांत दूध वाटले जाते, त्यामुळे ती मागे राहतात, पण हा त्यांच्या रक्ताचा दोष नव्हे. तुमच्या कळपात जुळी सरासरीने दीड किलो हलकी असतील, तर प्रत्येक जुळ्याच्या वजनात दीड किलो मिळवा. हे केले नाही तर निवडीत एकेकटी जन्मलेली करडेच पुढे येतील आणि नकळत जुळी न देणाऱ्या माद्यांची पैदास वाढेल. नर आणि मादी यांची सरासरी वेगळी काढा, आणि पावसाळ्यात जन्मलेल्या करडांची तुलना उन्हाळ्यातल्यांशी करू नका.

दुसरे काम: निवड-फरक काढणे

समजा ३० नर करडांची सरासरी १४ किलो आली. त्यांतले दोन पैदाशीसाठी ठेवले, त्यांची सरासरी १८. नरांकडून फरक ४ किलो. ३० मादी करडांची सरासरी १२.५ किलो. त्यांतल्या २२ ठेवल्या, त्यांची सरासरी १३.३. माद्यांकडून फरक ०.८ किलो. पिलाला निम्मा वारसा बापाकडून आणि निम्मा आईकडून मिळतो, म्हणून दोन्हींची सरासरी घ्यायची:

```
S = (4.0 + 0.8) / 2 = 2.4
```

कळप टिकवायचा तर बहुतेक माद्या ठेवाव्याच लागतात, म्हणून त्यांच्या बाजूने फरक लहानच राहतो. खरी निवड होते ती बोकडात. दोन बोकडांपैकी एकाचीच करडे जास्त होणार असतील, तर सरासरी काढताना त्याचा आकडा तेवढ्या जास्त वेळा धरा.

इथे हिशेब सगळ्यात जास्त चुकतो

बकरी ईदच्या आधी व्यापारी येतो आणि सगळ्यात भरलेले नर उचलतो. पैसा हातात येतो आणि त्यात गैर काही नाही. पण पैदाशीचा बोकड नंतर उरलेल्यांतून निवडला, तर काय होते ते बघा. त्याच ३० नरांतले वरचे दहा विकले गेले, त्यांची सरासरी १६.४ किलो होती. उरलेल्या वीसांची सरासरी १२.८ वर आली. त्यांतले सर्वांत चांगले दोन सरासरी १४.८ किलोचे. मालकाला वाटते आपण २ किलोने सरस बोकड ठेवले. पण मोजायचे असते मूळच्या तीसांच्या सरासरीपासून, म्हणजे १४ पासून, आणि तो फरक फक्त ०.८ किलो आहे. उरलेल्यांत जो मधला वाटेल, तो बोकड ठेवला तर फरक चक्क उणे होतो. मग कळप दर पिढीला हलका होत जातो आणि दोष चाऱ्यावर येतो.

म्हणून सौद्याच्या आधी सगळी तोलावीत, वरच्या दोन-तीन नरांना खूण करावी आणि ते विकायला काढूच नयेत. या सगळ्या लेखातले एकच काम करायचे असेल तर हे करा.

तिसरे काम: आनुवंशिकता धरणे आणि गुणणे

शेळ्यामेंढ्यांच्या सहा महिन्यांच्या वजनासाठी h² साधारण ०.२ ते ०.३ धरतात. आपण ०.२५ घेऊ:

```
R = 0.25 × 2.4 = 0.6
```

पुढच्या पिढीत नरांची सरासरी १४.६ आणि माद्यांची १३.१ अपेक्षित. ईदनंतरच्या उरलेल्या बोकडांनी S ०.८ च होतो आणि वाढ ०.२ किलोवर येते. दोन्ही वेळा शेळ्या त्याच, चाराही तोच.

ही वाढ पिढीमागे आहे, वर्षामागे नव्हे. करडू जन्मते तेव्हा बापाचे वय सरासरी २ वर्षे आणि आईचे ४ असेल, तर पिढी ३ वर्षांची. म्हणजे वर्षाला ०.२ किलो. बोकड वेळेवर बदलला तर हा वेग वाढतो, शिवाय तो स्वतःच्याच मुलींना लागत नाही. रक्त जवळ आले की करडे खुरटतात आणि कमावलेले वजन त्यातच जाते.

०.२५ हा आकडा कायमचा नसतो. काही करडांना खुराक आणि काहींना नुसते रान अशी तफावत असेल, तर वजनातला मोठा फरक चाऱ्याचा असतो आणि h² खाली येतो. सगळ्यांना सारखे खायला घातले, तर तोच कळप निवडीला जास्त दाद देतो.

पडताळा कसा घ्यावा

यंदाच्या करडांची गेल्या सालच्या करडांशी तुलना करू नका, कारण पाऊसपाणी बदललेले असते. काही शेळ्या निवडलेल्या बोकडाला आणि काही त्याच हंगामात सरासरी वजनाच्या बोकडाला दाखवा, शेळ्या चिठ्ठ्या टाकून वाटा. फरक फक्त बापाचा असल्याने अपेक्षा निम्मी: ०.२५ × ४ ÷ २, म्हणजे अर्धा किलो. पंधरा-पंधरा करडांच्या गटांत निव्वळ योगायोगानेही पाऊण किलोचा फरक सहज पडतो. तेव्हा एका हंगामावरून निकाल लावू नका, तीन-चार हंगामांचे आकडे एकत्र करा. मिळालेल्या फरकाची दुप्पट बोकडांच्या निवड-फरकाने भागली, की तुमच्या कळपाचा स्वतःचा h² मिळतो.

जिथे हे सूत्र पुरत नाही

एका वेताला किती पिले, या गुणाचा h² ०.१ च्या आसपास असतो. निवडीने तिथे फार हळू फरक पडतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने म्हणूनच वेगळी वाट धरली: सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा एकच प्रभावी जनुक दख्खनी मेंढीत आणला.

पिकातही सूत्र तेच आहे. मक्याची टपोरी कणसे काढणीला निवडली तर निवड फक्त आईची होते. पराग शेतातल्या कुठल्याही झाडाचा असतो, म्हणून S निम्मा धरा. बांधाकडेच्या झाडांना जागा आणि ऊन जास्त मिळते, ती निवडीतून वगळा. शेताचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली उत्तम झाडे घेतली, तर जमिनीचा कस निवडीत फारसा मिसळत नाही.

आणि जिथे सगळी झाडे एकाच रक्ताची, तिथे h² शून्य. डेन्मार्कच्या योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या शुद्ध वाणात जड आणि हलके दाणे वेगळे पेरून दाखवले: दोन्हींच्या पिकातल्या दाण्यांचे सरासरी वजन सारखेच आले. एकाच झाडापासून कलमे केलेल्या हापूसच्या बागेतही हेच. भरघोस लागलेल्या कलमाच्या फांद्या घेऊन नवी कलमे बांधली, तरी वाण तसूभरही सुधारत नाही. ते कलम जिथे उभे होते, ती माती चांगली होती.