नवीन फॉलोअरला थँक्यू मेसेज पाठवताय? अनुवादकांनो, या चुका टाळा

लिंक्डइनवर आपल्याला कोणी फॉलो केलं की बरेच फ्रीलान्स अनुवादक लगेच एक ठरलेला मेसेज चिकटवतात. "फॉलो केल्याबद्दल धन्यवाद, मी इंग्रजी-मराठी-हिंदी अनुवाद, सबटायटलिंग, प्रूफरीडिंग करते, माझे रेट असे, सीव्ही जोडलाय." मग समोरून काहीच येत नाही. आणि का येईल? त्यात उत्तर देण्यासारखं काही नाहीच ना, समोरच्याने फक्त फॉलो केलंय आणि आपण थेट कोटेशन दिलंय.

पण त्याच्याही आधीची एक गडबड असते. लिंक्डइनवर फॉलोअर म्हणजे कनेक्शन नाही. कनेक्शन नसेल तर फ्री अकाउंटवरून सहसा थेट मेसेज जातच नाही, Connect रिक्वेस्टसोबत नोट टाकावी लागते, आणि ते बटण काहींच्या प्रोफाइलवर समोर दिसत नाही, More मध्ये लपलेलं असतं. फ्री अकाउंटला अशा नोटा महिन्याला मोजक्याच मिळतात आणि एका नोटेत दोनेकशे अक्षरं बसतात. देवनागरीत काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे "नमस्कार" दिसायला छोटा पण मोजायला सात. त्यामुळे मेसेज आधी नोट्स ॲपमध्ये लिहून कापाकापी करून घ्या, नाहीतर नेमका प्रश्नच बाहेर राहतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे प्रश्न. समजा तुम्हाला फॉलो करणारी एका ट्रान्सलेशन एजन्सीत व्हेंडर मॅनेजर आहे, मेडिकल कामं बघते, आणि परवाच तिने क्लिनिकल ट्रायलच्या संमतीपत्रांबद्दल पोस्ट टाकलीये की बॅक ट्रान्सलेशनमध्ये, म्हणजे अनुवाद परत मूळ भाषेत करून तपासण्यात, किती वेळ जातो. तिला "आपण एकत्र काम करू शकतो का?" विचारलंत तर तिला डेटाबेस, बजेट, टेस्ट सगळ्याचा विचार करावा लागतो, म्हणून ती नंतर बघू म्हणते आणि ते नंतर कधी येतच नाही. त्यापेक्षा हे बघा:

"नमस्कार मॅडम, फॉलो केल्याबद्दल मनापासून आभार. बॅक ट्रान्सलेशनवरची तुमची पोस्ट वाचली. एक विचारू? फरक निघाले की फाइल मूळ अनुवादकाकडेच परत जाते का?"

दीडशे अक्षरांच्या आत बसतं. उत्तर तिला रोजच्या कामातून एका ओळीत देता येतं, आणि आपण स्वतःबद्दल एक शब्द न बोलता तिला कळतं की या बाईला प्रोसेस माहितीये: बॅक ट्रान्सलेशन करणाऱ्याला मूळ मजकूर दाखवत नाहीत, मग दोन्ही मजकूर ताडून बघतात आणि फरक कुठून आला ते कोणीतरी ठरवतं. प्रोफाइल इंग्रजीत असेल तर नोटही इंग्रजीतच लिहा हां, इंडिक भाषांची कामं बघणाऱ्या सगळ्यांना मराठी येतंच असं नाही.

ती म्हणाली, "हो, आधी त्यांच्याकडेच, नाही जमलं तर रिव्ह्यूअरकडे." इथे लोक घाई करतात, लगेच सीव्ही. थांबा जरा. "बरोबर, मला पण डोस आणि साइड इफेक्टच्या वाक्यांवरच जास्त कमेंट येतात" असं आपल्या कामातलं एखादं वाक्य टाका. तिने "तुम्ही मेडिकल करता का?" विचारलं की मग सांगा, पण तेवढंच: भाषेची जोडी, कुठल्या प्रकारची कागदपत्रं, दिवसाला साधारण किती शब्द. रेट विचारल्यावरच.

इथेच एक महागडी चूक होते. इम्प्रेस करायच्या नादात "मी अमुक फार्मा कंपनीचं तमुक ट्रायल केलंय" असं लिहून जातं. एनडीए असेल तर ते उल्लंघन आहे, आणि समोरची बाई व्हेंडर मॅनेजर आहे, उद्या आपल्या क्लायंटचं नाव पण ही अशीच कुठेतरी सांगेल हे तिला लगेच कळतं. "डायबेटिसच्या ट्रायलची संमतीपत्रं" एवढं सहसा पुरतं. एनडीएत विषयही गुप्त असेल तर तेही नको.

शुद्धलेखन वेगळं सांगायला नको, पण मोबाइल कीबोर्डचं सजेशन "आभार" चं "आभाळ" करून ठेवतं, आणि आपल्या कामाचा तिने पाहिलेला पहिला नमुना म्हणजे हा मेसेजच.

उत्तर नाही आलं तर? रिक्वेस्ट पेंडिंग दिसतेय म्हणजे तिने अजून स्वीकारली नाहीये, राग नाही. ती मागे घेऊन लगेच परत पाठवता येईल असं वाटत असेल तर तसं नसतं, Withdraw केलं की त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत परत पाठवता येत नाही. रिक्वेस्ट स्वीकारली पण प्रश्नाला उत्तर नाही, तर "??" अजिबात नको. तिच्या पुढच्या पोस्टवर कामाची एखादी कमेंट करा, तिथे ती बोलली तर इनबॉक्समध्ये परत जा, नाही बोलली तर सोडून द्या.