एकाच भागातले दोन डेंटिस्ट

मी पुण्यात दवाखान्यांच्या गूगल जाहिराती सांभाळतो. कोथरूडचं एक डेंटल क्लिनिक जुनं गिऱ्हाईक. कोथरूडमधल्याच दुसऱ्या क्लिनिकच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी बजेट सांगायच्या आत मी थांबवलं. कानावर पडलेला आकडा विसरता येत नाही. म्हटलं, "डॉक्टर, तुमच्याच भागात असंच एक काम आहे, आधी त्यांना विचारतो." नाव सांगितलं नाही.

अडचण लिलावाची: गूगल जाहिरातीची जागा दर शोधाला बोली लावून देतं. 'इम्प्लांट कोथरूड' या शोधावर दोघांच्या बोल्या समोरासमोर येणार. एकाची कमाल बोली ठाऊक असताना दुसऱ्याची ठरवायची कशी? वेगळी टीम नेमणं मोठ्या एजन्सीला जमतं, इथे मी एकटाच.

करारात गोपनीयतेचं कलम होतं, प्रतिस्पर्ध्याबद्दल काहीच नव्हतं. म्हणून जुन्या डॉक्टरांना, समोरच्याचं नाव न घेता, विचारलं. ते म्हणाले, "लहान मुलांचे दात असतील तर खुशाल घ्या, आम्ही ते करत नाही. इम्प्लांट नको." नव्या डॉक्टरांना नेमकं इम्प्लांटच हवं होतं. त्यांना हेच काम करणाऱ्या ओळखीच्या एका मुलीकडे पाठवलं, कमिशन न घेता.

मग जुन्या करारात प्रतिस्पर्ध्याचं काम न घेण्याचं कलम घातलं: फक्त कोथरूड, फक्त इम्प्लांट, मुदत 1 वर्ष, आणि त्या बदल्यात महिन्याची फी थोडी वाढवून. डॉक्टरांनी घासाघीस केलीच.